अंतर झिरो आलं, पण पॉईंट कर्व्हवर नाहीच: y = x² आणि (0, c) चा घोळ

प्रश्न: सर, मी इंदूरला बारावीत आहे. (0, c) पासून y = x² पर्यंतचं शॉर्टेस्ट डिस्टन्स काढताना आधी डिस्टन्सचा स्क्वेअर का करतात, त्याने उत्तर बदलत नाही का? दुसरं म्हणजे शीटमध्ये उत्तर √(c − 1/4) दिलंय, त्यात मी c = 1/4 टाकलं तर झिरो आलं, पण (0, 1/4) तर कर्व्हवर नाहीये. c = 1/5 टाकलं तर रूटच्या आत मायनस येतंय. कुठे चुकतंय?

उत्तर:

स्क्वेअरमुळे काहीही बिघडलेलं नाही. बिघाड त्याच्या पुढच्या ओळीत आहे, जिथे x² च्या जागी y लिहिलं आणि y किती असू शकतो हे लिहायचं राहिलं. रामबागेत घरीच बारावीची मुलं शिकवतो मी, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न दरवर्षी मुद्दाम घेतो, कारण यात गणित जेमतेम पाच ओळींचं आहे आणि तरी चांगली चांगली मुलं इथे अडकतात. तू c = 1/4 टाकून बघितलंस हे फार बरं केलंस, कारण सहसा मुलं फॉर्म्युला आला की बॉक्स करून पुढे जातात आणि मग ही चूक कधी दिसतच नाही.

आधी स्क्वेअरचं बघू, ते लवकर आटपतं. कर्व्हवरचा एक पॉईंट (x, x²) घे, त्याचं (0, c) पासून अंतर

```
d = √( x² + (x² − c)² )
```

रूटच्या आत जे आहे त्याला S म्हणू. अंतर कधी निगेटिव्ह नसतं, आणि निगेटिव्ह नसलेल्या आकड्यांमध्ये जो मोठा त्याचा स्क्वेअरही मोठा, जो लहान त्याचा स्क्वेअरही लहान, क्रम कुठेच उलटत नाही. म्हणजे शंभर पॉईंट अंतराप्रमाणे लाइनीत उभे केले आणि मग प्रत्येकाच्या अंतराचा स्क्वेअर केला, तरी लाइन तशीच राहणार, सगळ्यात पुढे जो होता तोच पुढे. आकडा बदलतो पण जागा बदलत नाही, आणि आपल्याला आधी जागाच हवी असते, अंतर नंतर रूट घेऊन काढायचं. (ते रूट शेवटी घ्यायला विसरतात बरं का, S लाच अंतर म्हणून लिहून टाकतात, तेवढं सांभाळ.)

डेरिव्हेटिव्हने बघायचं तर √S चं डेरिव्हेटिव्ह S′/(2√S) येतं. खालचा भाग पॉझिटिव्ह आहे, म्हणून झिरो व्हायचं तर S′ लाच व्हावं लागतं, आणि साइनही S′ चंच. म्हणजे रूट ठेवून केलंस तरी शेवटी तेच इक्वेशन सोडवणार, फक्त मधे रूट वागवत बसणार. उलट एका ठिकाणी स्क्वेअर जास्त बरा पडतो. पॉईंट कर्व्हवरच असेल तर तिथे S = 0 होतं आणि √S ला त्या जागी |x| सारखं टोक येतं, डेरिव्हेटिव्हच नसतं, S मात्र तिथेही गुळगुळीत असतं.

एक हद्द मात्र लक्षात ठेव, ही युक्ती एकाच अंतरासाठी आहे. दोन-तीन अंतरांची बेरीज कमीत कमी करायची असेल तर प्रत्येकाचा वेगवेगळा स्क्वेअर करून बेरीज घेतली की प्रश्नच बदलतो. समज एका सरळ रस्त्यावर 0, 1 आणि 5 किलोमीटरवर तीन घरं आहेत आणि तिघांना मिळून कमीत कमी चालावं लागेल अशी भेटायची जागा हवी. 1 वर भेटले तर 1 + 0 + 4 = 5 किलोमीटर, 2 वर भेटले तर 2 + 1 + 3 = 6. पण स्क्वेअरांची बेरीज केलीस तर 1 वर 17 येते आणि 2 वर 14, म्हणजे स्क्वेअर तुला 2 वर पाठवणार आणि ते चूक. आपल्या प्रश्नात अंतर एकच आहे, सगळं मिळून एकदाच स्क्वेअर केलंय, म्हणून बिनधास्त कर.

आता खरी गोष्ट. तुझ्या शीटमध्ये असं केलं असणार, कारण सगळीकडे असंच करतात, की x² = y आहेच तर S मध्ये तेच घालू:

```
S = y + (y − c)²
S′ = 1 + 2(y − c) = 0   →   y = c − 1/2
S″ = 2 > 0, म्हणून मिनिमम
S = c − 1/4   →   d = √(c − 1/4)
```

दिसायला अगदी स्वच्छ आहे, चार पॉवरचं दोन पॉवरचं झालं, सेकंड डेरिव्हेटिव्ह 2 आलं म्हणजे शंकेला जागा नाही असं वाटतं. आता तुझं c = 1/4 यात घाल, पण थेट शेवटच्या ओळीत नको, दुसऱ्या ओळीत, y मध्ये घाल. y = 1/4 − 1/2 = −1/4. इथेच थांबायला हवं होतं, कारण y = x² वर y कधी निगेटिव्ह नसतो. पॅराबोला x-अ‍ॅक्सिसच्या खाली जातच नाही, तिथे कर्व्हच नाही. फॉर्म्युल्याने तुला अशा जागेचं अंतर काढून दिलं जी कर्व्हवर नाही. x² = −1/4 व्हायचं तर x इमॅजिनरी लागतो, आणि त्या "पॉईंट" साठी x² + (y − c)² केलं तर −1/4 + 1/4 येतं, झिरो. झिरो अंतर आलं ते असं आलं, एक स्क्वेअर निगेटिव्ह होऊन दुसऱ्याला खाऊन गेला. c = 1/5 ला तर निगेटिव्ह भागच जास्त झाला, म्हणून रूटच्या आत −1/20.

म्हणजे y ने लिहिताना S च्या शेजारी y ≥ 0 लिहायलाच हवं होतं. मग चित्र असं होतं की S = y + (y − c)² हा y मधला वरती तोंड असलेला पॅराबोला आहे, त्याचा तळ y = c − 1/2 वर, आणि आपल्याला त्याचा फक्त y ≥ 0 हा उजवीकडचा भाग मिळालाय. c मोठा असेल, 1/2 पेक्षा जास्त, तर तळ आपल्या भागात येतो आणि शीटचं उत्तर बरोबर. c लहान असेल तर तळ डावीकडे बाहेर राहतो, आपल्या भागात S नुसता चढतच जातो, मग कमीत कमी कुठे? अगदी सुरुवातीला, y = 0 वर. तिथे S = c², म्हणजे अंतर c. (निगेटिव्ह c घेतलास तर |c|, पॉईंट कर्व्हच्या खाली असतो तेव्हा व्हर्टेक्सच जवळ हे तर डोळ्यांना दिसतंच.)

म्हणून पूरं उत्तर असं:

```
c ≤ 1/2  :  जवळचा पॉईंट (0, 0),               d = |c|
c ≥ 1/2  :  जवळचे पॉईंट (±√(c − 1/2), c − 1/2),  d = √(c − 1/4)
```

तुझ्या c = 1/4 ला उत्तर 1/4, आणि c = 1/5 ला 1/5. नेमक्या c = 1/2 ला दोन्ही ओळींतून 1/2 येतं, जोड बरोबर बसतो. असे तुकडे आले की जोडावर आकडा घालून बघत जा, तिथे दोन वेगळी उत्तरं आली तर कुठेतरी नक्की गडबड आहे, कारण पॉईंट जरासा सरकवला तर अंतर एकदम उडी मारत नाही.

आता इथे एक पळवाट मुलं काढतात आणि ती फसते, ते मुद्दाम सांगतो. मागे एक मुलगी म्हणाली, सर, लक्षात कशाला ठेवायचं, c आणि √(c − 1/4) दोन्ही काढू आणि लहान असेल ते लिहू. ऐकायला बरोबर वाटतं, कारण शॉर्टेस्टच तर हवंय. पण दोघांच्या स्क्वेअरमधला फरक काढ:

```
c² − (c − 1/4) = c² − c + 1/4 = (c − 1/2)²
```

हा परफेक्ट स्क्वेअर आहे, कधीच निगेटिव्ह नाही. म्हणजे रूटवाला आकडा जेव्हा निघतो तेव्हा c पेक्षा लहानच असतो किंवा जास्तीत जास्त बरोबरीचा. "लहान घेऊ" म्हणालास तर दर वेळी तोच उचलणार, जिथे तो खोटा आहे तिथेही. c = 0.4 घेऊन बघ, √0.15 म्हणजे साधारण 0.387 येतं, 0.4 पेक्षा कमी, मायनस नाही, झिरो नाही, काहीच खटकत नाही, आणि तरी चूक, कारण त्याचा y आहे −0.1. तुझं नशीब चांगलं की तू 1/4 आणि 1/5 टाकलंस आणि चूक ओरडून बाहेर आली, 0.4 टाकलं असतंस तर ती गुपचूप बसून राहिली असती. म्हणून तुलना करायच्या आधी तो पॉईंट कर्व्हवर आहे का ते बघायचं, जो नाहीच त्याची तुलना कशी करणार.

आणि मला विचारशील तर मी या प्रश्नात y घालतच नाही, x मध्येच ठेवतो. थोडं जास्त लिहावं लागतं पण सगळं समोर दिसतं:

```
S = x⁴ + (1 − 2c)x² + c²
S′ = 4x³ + 2(1 − 2c)x = 2x(2x² + 1 − 2c)
```

x ला कसलीच अट नाही, तो कुठलाही रिअल नंबर, त्यामुळे हद्दीची भानगडच नाही. S′ = 0 मधून x = 0 आपोआप मिळतो, तोच व्हर्टेक्स, जो y च्या पद्धतीत हरवला होता. आणि कंस झिरो व्हायचा तर x² = c − 1/2 हवं, इथे c लहान असेल तर x² निगेटिव्ह होतोय हे लिहितानाच कळतं, हात आपोआप थांबतो.

मग y च्या पद्धतीत व्हर्टेक्स हरवला कसा, तेही बघ. चेन रूलने dS/dx = (dS/dy)·(dy/dx) आणि dy/dx = 2x. x = 0 हे सोल्यूशन त्या 2x मधून येतं. तू फक्त dS/dy = 0 केलंस म्हणजे 2x बाहेरच टाकून दिलास, आणि त्याच्याबरोबर व्हर्टेक्सही गेला. हे फक्त इथलं नाही, जिथे जिथे व्हेरिएबल बदलशील आणि नव्याचा जुन्याशी डेरिव्हेटिव्ह कुठेतरी झिरो असेल, तिथे एखादा क्रिटिकल पॉईंट गायब होऊ शकतो, तो बहुतेकदा नव्या व्हेरिएबलच्या हद्दीवर जाऊन बसलेला असतो.

c = 2 घेऊन x ची पद्धत पुरी करू. S′ = 2x(2x² − 3), म्हणून x = 0 किंवा x² = 3/2. S″ = 12x² − 6, x = 0 वर −6, म्हणजे व्हर्टेक्स इथे लोकल मॅक्सिमम आहे, आजूबाजूच्या पॉईंटांपेक्षा दूर. x² = 3/2 वर S″ = 12, मिनिमम. S = 1.5 + 0.25 = 1.75, अंतर साधारण 1.323, आणि व्हर्टेक्स तर 2 वर. c = 1/2 ला मात्र S″(0) = 0 येतं, टेस्ट काही सांगतच नाही, तिथे घाबरायचं नाही, S = x⁴ + 1/4 आहे, x⁴ कधी निगेटिव्ह नाही, म्हणून x = 0 वरच मिनिमम. टेस्ट गप्प बसली म्हणजे मिनिमम नाही असं नव्हे.

हे 1/2 कुठून आलं, हा प्रश्न तुझ्या मनात यायला हवा. अल्जेब्रातून आलं हे खरं, पण ते कागदावर दिसतंसुद्धा, आणि मी हे प्रत्येक बॅचला हाताने करायला लावतो. ग्राफ पेपर घे, एक युनिट म्हणजे ४ सेंमी धर. x = −1.5 ते 1.5 पर्यंत y = x² काढ, रुंदी १२ सेंमी, उंची ९ सेंमी, पानात आरामात बसतं. आता कंपासचं टोक (0, 1/4) वर ठेव, म्हणजे तळापासून १ सेंमी वर, आणि पेन्सिल व्हर्टेक्सवर आणून १ सेंमीचं वर्तुळ काढ. पूर्ण वर्तुळ पॅराबोलाच्या पोटात राहतं, फक्त तळाला टेकतं. आकड्याने पाहायचं तर x = 0.2 वर वर्तुळाचा खालचा काठ 0.25 − √(0.0625 − 0.04) = 0.25 − 0.15 = 0.1 वर आहे आणि पॅराबोला 0.04 वर, वर्तुळ वरतीच आहे. म्हणजे कर्व्हचा कुठलाच पॉईंट वर्तुळाच्या आत नाही, व्हर्टेक्सपेक्षा जवळ कोणीच नाही.

आता टोक (0, 2) वर ने, तळापासून ८ सेंमी, आणि पुन्हा व्हर्टेक्सपर्यंत उघडून वर्तुळ काढ. या वेळी वर्तुळ दोन्ही बाजूंनी पॅराबोला फोडून बाहेर जातं. x = 1 वर वर्तुळाचा खालचा काठ 2 − √3, म्हणजे 0.268 वर, आणि पॅराबोला 1 वर, वर्तुळ बरंच खाली गेलंय. कर्व्हचा एवढा मोठा तुकडा वर्तुळाच्या आत आला म्हणजे ते सगळे पॉईंट (0, 2) ला व्हर्टेक्सपेक्षा जवळ आहेत. मग कंपास हळूहळू मिटवत आण, साधारण ५.३ सेंमीवर येशील तेव्हा वर्तुळ कर्व्हला दोन बाजूंना नुसतं टेकेल, तळापासून ६ सेंमी उंचीवर, मधल्या रेषेपासून ४.९ सेंमी इकडे आणि तिकडे. ५.३ ला ४ ने भाग, 1.323 च्या आसपास येतंच. मुलं जेव्हा स्वतःच्या कंपासने ते टेकणं बघतात ना, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटतं की S′ = 0 म्हणजे काहीतरी खरं घडतंय.

घरात करायचं तर खालून निमुळता ग्लास घे. गोटी टाकलीस तर तळाला जाऊन बसते. लिंबू टाकलंस तर दोन्ही बाजूंना अडकतं आणि खाली पोकळी राहते. बाहेरचा कर्व्ह तोच, पण किती मोठा गोळा तळाला पोचू शकेल याला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा तळ किती वाकडा आहे त्यावर ठरते. y = x² च्या तळाशी ती मर्यादा 1/2 आहे. का, तर c रेडिअसचं वर्तुळ तळाजवळ जवळपास y = x²/(2c) असं वर उठतं आणि पॅराबोला y = x² असा उठतो. वर्तुळ आत राहायचं तर त्याने पॅराबोलापेक्षा लवकर उठायला हवं, 1/(2c) निदान 1 तरी हवा, म्हणजे c ≤ 1/2. यालाच रेडिअस ऑफ कर्व्हेचर म्हणतात, पुढे कॉलेजात भेटेल. कर्व्ह y = 4x² असता तर तळ जास्त टोकदार, आणि मर्यादा 1/8 झाली असती, करून बघ.

पॉईंट y-अ‍ॅक्सिसवर नसला की y वाली पद्धत तशीही चालत नाही, कारण मग S मध्ये सुटा x राहतो आणि त्याच्या जागी ±√y घालत बसावं लागतं. x मध्येच ठेवायचं. (a, b) पासून केलं तर

```
S = (x − a)² + (x² − b)²
S′ = 0   →   2x³ + (1 − 2b)x − a = 0
```

क्यूबिक येतं. परीक्षेत बहुतेक वेळा a, b असे देतात की एक रूट पटकन दिसतं आणि बाकी दोन रिअल नसतात. (3, 0) घे, 2x³ + x − 3 = 0, x = 1 दिसतोच, उरलेलं 2x² + 2x + 3, त्याचा डिस्क्रिमिनंट −20, संपलं, अंतर √5. त्यामुळे मुलांना सवय लागते की पहिलं रूट सापडलं की झालं. ही सवय मोडायला मी (12, 7.5) देतो. तू पण कर, मग पुढे वाच.

```
2x³ − 14x − 12 = 0   →   x³ − 7x − 6 = 0
```

सगळे 1 घालून बघतात, नाही जमत, मग −1 घालतात, −1 + 7 − 6 = 0, जमलं! आणि निम्मी बॅच तिथेच थांबते, पॉईंट (−1, 1), S = 169 + 42.25 = 211.25, अंतर 14.53 लिहून वही पुढे करते. काहीजण तर वर खात्रीही करून दाखवतात की जवळच्या पॉईंटची रेषा टॅन्जंटला काटकोनात असते, तर (−1, 1) वर टॅन्जंटचा स्लोप −2, आणि तिथून (12, 7.5) कडे जाणाऱ्या रेषेचा स्लोप 6.5/13 = 1/2, गुणाकार −1, बरोबर! काटकोन खरंच आहे. पण काटकोन म्हणजे S′ = 0 एवढंच, तो मिनिममला असतो, मॅक्सिममलाही असतो. काटकोन जमला नाही तर तुझं उत्तर नक्की चूक, पण जमला म्हणून बरोबर असं नाही.

पुढे फॅक्टर कर, (x + 1)(x² − x − 6), म्हणजे x = −1, −2 आणि 3. S″ = 12x² − 28. x = −1 वर −16, म्हणजे जे उत्तर लिहून दिलं होतं ते लोकल मॅक्सिमम निघालं. x = −2 वर 20, लोकल मिनिमम, S = 196 + 12.25 = 208.25. आता सेकंड डेरिव्हेटिव्ह पॉझिटिव्ह आलं म्हणून इथे थांबलास तरी चूकच, कारण x = 3 वर पॉईंट (3, 9), S = 81 + 2.25 = 83.25, अंतर साधारण 9.12. पॉईंट उजवीकडे आहे, x = −2 वाली जागा पॅराबोलाच्या पलीकडच्या बाजूवर आहे, तिथे अंतर आजूबाजूच्यांपेक्षा कमी आहे खरं, पण समोरची बाजू त्याहून कितीतरी जवळ आहे. म्हणून क्यूबिकची जेवढी रिअल रूट येतील तेवढी सगळी S मध्ये घालून आकडे शेजारी शेजारी लिहायचे. आणि एकदा सगळे आकडे लिहिले की S″ काढायचीसुद्धा गरज उरत नाही, कारण x दोन्हीकडे लांब गेला की S वाढतच जातं, म्हणजे सगळ्यात लहान जागा कुठेतरी आहेच, ती याच तिघांपैकी एक असणार, मग सगळ्यात लहान आकडा तोच.

रूट सुटसुटीत नसेल तर काय, हेही लगे हाथ सांगतो कारण पुढे तू विचारशीलच. (2, 0) घे, 2x³ + x − 2 = 0. इथे रॅशनल रूट नाही. 0.8 घालून 1.024 + 0.8 − 2 = −0.176 येतं, 0.9 घालून +0.358, म्हणजे रूट मधेच आहे, 0.8 च्या जवळ. न्यूटनची एक पायरी कर, 0.8 वर डेरिव्हेटिव्ह 6(0.64) + 1 = 4.84, तर 0.8 + 0.176/4.84, साधारण 0.836. खरं रूट 0.835 च्या आसपास आहे, एका पायरीत एवढं जवळ आलो.

आता त्या 0.8 वरच अंतर काढून बघ, S = 1.44 + 0.4096 = 1.8496, त्याचं रूट बरोबर 1.36. खऱ्या रूटवर अंतर येतं 1.358 च्या जवळपास. x मध्ये 0.035 ची चूक होती आणि अंतरात फक्त 0.002 ची. कारण मिनिममजवळ S सपाट असतो, S′ झिरो आहे ना तिथे, त्यामुळे x थोडा इकडेतिकडे झाला तरी अंतर फारसं हलत नाही. उलट कोणी "जवळचा पॉईंट कुठला" असं विचारलं तर x जपून काढावा लागेल, नुसतं अंतर बघून तो नेमका सापडणार नाही, कारण 0.8 पासून 0.87 पर्यंत कुठेही उभा राहिलास तरी अंतर जवळजवळ तेवढंच येतं.